एक किलोवॅटचे पॅनेल रोज किती युनिट देईल?

सोलर विकणारा भाव सांगतो तो किलोवॅटचा. आपल्या कामाला येते ते युनिट. या दोहोंमधला हिशेब गिऱ्हाइकाने स्वतः करावा, कारण ‘दिवसभर ऊन, रोज सहा युनिट’ हे बोलणे बाजारात सर्रास ऐकू येते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पट्ट्यातल्या साखरशेत गावी एखाद्या शिलाईच्या दुकानावर एक किलोवॅटचे पॅनेल बसवायचे आहे, असे धरू. दुकानाचा खर्च रोज तीन युनिट आहे.

पहिली गोष्ट उन्हाची. सूर्य बारा तास असतो, पण सकाळ-संध्याकाळचे ऊन तिरपे व कमजोर असते. म्हणून दिवसभराचे सगळे ऊन एकत्र करून, ‘हे भर दुपारच्या कडक उन्हाचे किती तास झाले?’ असे मोजतात. कडक ऊन म्हणजे एका चौरस मीटरवर एक हजार वॅट. या तासांना पीक सन अवर्स म्हणतात. आपण उन्हाचे तास म्हणू. आपल्याकडे वर्षाची सरासरी पाचच्या आसपास धरावी. एप्रिल-मेमध्ये हे तास साडेसहापर्यंत जातात, तर जुलै-ऑगस्टमध्ये साडेतीनवर येतात.

म्हणजे एक किलोवॅटचे पाच युनिट झाले का? नाही. पॅनेलवर छापलेले वॅट हे पॅनेल २५ अंशांवर असतानाचे असतात. आपल्या पत्र्यावर दुपारी ते ५५ अंशांच्या घरात जाते आणि दर अंशाला शंभरातला सुमारे ०.३५ ते ०.४ भाग कमी होतो. दिवसभराची घट दहा टक्के धरली, तर हाती ०.९० उरते. धुळीचे ०.९५, पॅनेला-पॅनेलातल्या फरकाचे ०.९८, तारांचे ०.९७ आणि इन्व्हर्टरचे ०.९५ धरू. या घटींची बेरीज करायची नाही, गुणाकार करायचा. कारण प्रत्येक घट आधीच्या घटीतून उरलेल्या मालावर लागते:

०.९० × ०.९५ × ०.९८ × ०.९७ × ०.९५ = ०.७७

हाच परफॉर्मन्स रेशो. आता १ × ५ × ०.७७ म्हणजे रोजचे ३.८५ युनिट. तीन युनिटांच्या दुकानाला हे भरपूर वाटते.

पण ही वर्षाची सरासरी झाली. पावसाळ्यात पॅनेल थंड राहते आणि धूळ धुऊन जाते, म्हणून रेशो उलट सुधारतो, ०.८२ धरा. तरी ३.५ × ०.८२ म्हणजे २.८७ युनिटच होतात. त्यातली अर्धी वीज लेड-ॲसिड बॅटरीत साठवून मग वापरली, तर त्या अर्ध्यातला पाचवा हिस्सा साठवण्यातच जातो आणि हाती सुमारे अडीच युनिट राहतात. झड लागलेल्या दिवशी एकही युनिट मिळणार नाही, अशी वेळ येऊ शकते. म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या दुकानाने हिशेब जुलैचा धरावा, मार्चचा नव्हे. विजेची जोडणी सोबत असेल, तर सरासरी चालते.

वर धरलेले आकडे चांगल्या कामाचे आहेत. कामात कसर झाली की रेशो झपाट्याने पडतो. सगळ्यात जास्त फसवते ती तार. चोवीस व्होल्टच्या जोडणीत पॅनेल पंधरा मीटर दूर आहे आणि ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून वीस अँपिअर येत आहेत, असे समजा. जाण्या-येण्याची तार तीस मीटर भरते आणि तिच्यातच पावणेतीन व्होल्ट जिरतात, म्हणजे शंभरातले अकराहून अधिक. आपण धरले होते फक्त तीन. दुसरी फसवणूक सावलीची. आंब्याच्या फांदीची सावली एकाच पॅनेलवर पडली, तरी ओळीने जोडलेल्या बाकीच्या पॅनेलांचे उत्पन्नही घटू शकते.

बसविल्यानंतर तपासणी सोपी आहे. निरभ्र दिवशी उन्हाचे तास साडेपाच धरले, तर मीटरवर सव्वाचार युनिटच्या आसपास दिसायला हवेत. सव्वातीनच दिसले, तर रेशो ०.५९ झाला. संध्याकाळी पॅनेल धुवा आणि दुसऱ्या निरभ्र दिवसाचा आकडा पहा. वाढला तर दोष धुळीचा होता. न वाढल्यास सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावली पहा. तीही नसेल, तर जोड गरम लागतात का आणि पॅनेलकडचे व इन्व्हर्टरकडचे व्होल्ट किती फरकाने आहेत, हे वायरमनकडून मोजून घ्या.

एक घट मात्र यात कोठेच दिसत नाही. बॅटरीशिवाय, सरकारी लाइनला जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेली की आपोआप बंद होतो, ऊन कितीही असो. खांबावर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून तसे ठेवलेले असते. लाइन दुपारी दोन तास जात असेल, तर तेवढे उन्हाचे तास पाचातून आधीच वजा करावेत, आणि ते दुपारचे असल्याने जवळजवळ पूर्ण दोन.