तांत्रिक दोषनोंदीचे सुबोध निवेदनात रूपांतर

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
- तांत्रिक दोषनोंदीतील प्रत्येक शब्दामागचा आशय उलगडता येईल.
- तो आशय तांत्रिक ज्ञान नसलेल्या व्यवस्थापकाला समजेल अशा निवेदनात मांडता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, संगणकतज्ज्ञ आपल्या सहकाऱ्यासाठी जी दोषनोंद लिहितो ती तारेसारखी त्रोटक असते. वाचणाऱ्याला पार्श्वभूमी ठाऊक असल्याने तेवढे पुरते. तीच नोंद व्यवस्थापकाच्या टेबलावर गेली, की मात्र तिचा उपयोग होत नाही. व्यवस्थापकाला दोष दुरुस्त करायचा नसतो, तर निर्णय घ्यायचा असतो. म्हणून या रूपांतरात शब्दांचा अनुवाद करून भागत नाही. नोंदीत गृहीत धरलेली माहिती शोधून काढावी लागते आणि ती निर्णयाच्या क्रमाने मांडावी लागते. हे कसे करायचे, ते एका नमुना प्रसंगातून पाहू.

विषय-विवेचन

*1. प्रसंग आणि मूळ नोंद*

धाराशिव जिल्ह्यातील एका पतसंस्थेची कल्पना करा. तेथे सभासदांचे पत्ते आजवर इंग्रजीत नोंदवले जात. आता ते मराठीत नोंदवण्यास सुरुवात झाली आहे. पहिल्याच दिवशी काही अर्ज संगणकाने नाकारले. पडद्यावर पुढील संदेश आला :

```
ORA-12899: value too large for column "PATSANSTHA"."SABHASAD"."PATTA" (actual: 62, maximum: 60)
```

तंत्रज्ञाने त्याखाली लिहिले : “सभासद नोंदणी फेल. मोजणी बाइटवर आहे, कॅरॅक्टरवर हवी. जुना डेटा सेफ. बदल रात्री. शॉर्टफॉर्म नको.”

*2. आशयाचा उलगडा*

लिहिण्यापूर्वी स्वतः समजून घेणे ही पहिली पायरी होय. ‘ओरॅकल’ या माहितीसाठ्याच्या प्रणालीचा हा संदेश आहे. पत्त्याच्या रकान्यात 60 बाइट मावतात आणि आलेला पत्ता 62 बाइटांचा आहे, एवढेच तो सांगतो. बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीतील एक घर.

नाकारलेला पत्ता होता ‘मु. पो. परंडा, जि. धाराशिव’. तो 60 घरांत का मावू नये? येथे लिपीचा प्रश्न येतो. आजच्या प्रचलित युनिकोड पद्धतीत (यूटीएफ-8) इंग्रजी अक्षर, टिंब, स्वल्पविराम आणि मोकळी जागा यांना प्रत्येकी एक घर लागते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन घरे लागतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. आपण ‘मु’ला एक अक्षर म्हणतो, पण संगणकाच्या लेखी ती ‘म’ आणि उकार अशी दोन चिन्हे, म्हणजे सहा घरे होतात.

आता मोजून पाहा. या पत्त्यात देवनागरी चिन्हे 18 आहेत, त्यांची घरे 54 झाली. विरामचिन्हे आणि मोकळ्या जागा मिळून 8 आहेत. एकूण 62. हाच पत्ता इंग्रजीत ‘At Post Paranda, Dist. Dharashiv’ असा लिहिला, तर तो दिसायला लांब असूनही 32 घरांतच बसतो.

या मोजणीमुळे आणखी एक कोडे सुटते. ‘परंडा’च्या जागी ‘कळंब’ घातल्यास 59 घरे लागतात आणि पत्ता स्वीकारला जातो. ‘भूम’ घातल्यास 56 लागतात. काही गावांचेच पत्ते नाकारले जात असल्याने कर्मचाऱ्यांना दोष लहरी वाटतो, प्रत्यक्षात तो पूर्णपणे नियमबद्ध आहे.

‘शॉर्टफॉर्म नको’ या दोन शब्दांतही मोठा आशय दडला आहे. काम अडू नये म्हणून कर्मचारी ‘धारा.’ किंवा ‘प.’ असे लिहू लागतात. दोष नाहीसा झाल्यासारखा दिसतो, पण पुढे गावानुसार यादी काढताना ते सभासद सापडत नाहीत आणि त्यांना नोटीस पोचत नाही. जास्तीचा मजकूर आपोआप कापावा, हा उपायही घातक आहे. येथे 60 व्या घरावर कापल्यास शेवटचा ‘व’ मध्येच तुटतो आणि त्या जागी निरर्थक खूण उमटते.

*3. निवेदनाची मांडणी*

तंत्रज्ञ कारणापासून सुरुवात करतो. व्यवस्थापकाला आधी परिणाम कळायला हवा, मग धोका, कारण, उपाय आणि शेवटी त्याच्याकडून काय हवे ते. या क्रमाने सिद्ध झालेले निवेदन असे :

> मा. व्यवस्थापकसाहेब, स. न. वि. वि.
>
> मराठीत पत्ता लिहिलेल्या काही नव्या सभासदांची नोंदणी आज होऊ शकलेली नाही. पूर्वीच्या सभासदांची माहिती सुरक्षित असून तिच्यात काहीही बदललेले नाही.
>
> अर्जावर अक्षरांसाठी चौकोन छापलेले असतात, तसे संगणकात पत्त्यासाठी 60 चौकोन आहेत. इंग्रजी अक्षर एका चौकोनात मावते, मराठीतील प्रत्येक अक्षर, काना किंवा वेलांटी यांना तीन लागतात. त्यामुळे परंड्याचा पत्ता अवघ्या दोन चौकोनांनी अडला आणि कळंबचा मावला. यात कर्मचाऱ्यांची चूक नाही.
>
> चौकोनांऐवजी अक्षरे व चिन्हे मोजावीत, असा बदल करता येतो. त्यासाठी आपली परवानगी हवी. कामकाज संपल्यावर तो केल्यास सभासदांची गैरसोय होणार नाही. तोपर्यंत हे अर्ज कागदावर बाजूला ठेवावेत, पत्ते तोडून लिहू नयेत, अशी सूचना आपण द्यावी. नोटिसा छापणाऱ्या कार्यक्रमातही अशीच मर्यादा आहे का, हे अद्याप तपासायचे आहे.
>
> (तंत्रज्ञांच्या संदर्भासाठी : ORA-12899)

*4. निवेदनाचे परीक्षण*

‘बाइट’ हा शब्द निवेदनात नाही, मात्र त्याचा आशय चौकोनांच्या दृष्टान्तातून आला आहे. दृष्टान्त व्यवस्थापकाच्या रोजच्या कामातला आहे आणि मूळ कारणाशी जुळतो. ‘पिशवी भरली’ असा दृष्टान्त दिला असता, तर संगणकातील जागाच संपली असा चुकीचा अर्थ निघाला असता आणि नवीन यंत्र घेण्याची चर्चा सुरू झाली असती. दृष्टान्त निवडल्यावर त्यावरून वाचक कोणता निर्णय घेईल, हे पाहावे. तो निर्णय चुकीचा ठरणार असेल, तर दृष्टान्त बदलावा.

‘माहिती सुरक्षित आहे’ हे विधान ठामपणे केले, कारण ही प्रणाली न मावणारा मजकूर कापून ठेवत नाही, ती नोंदच नाकारते. नोटिसांविषयी मात्र खात्री नसल्याने ‘तपासायचे आहे’ असे लिहिले. निवेदन सोपे करताना ठाम आणि अनिश्चित यांतील सीमा पुसली जाऊ देऊ नये. तसेच त्रुटीचा क्रमांक शेवटी जसाच्या तसा ठेवला आहे. तो बदलला किंवा गाळला, तर दुसऱ्या तंत्रज्ञाला मूळ दोष शोधता येणार नाही.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

1. ‘मु. पो. तेर, ता. जि. धाराशिव’ या पत्त्याला किती घरे लागतील? तो स्वीकारला जाईल का?
2. याच प्रसंगी पत्ता नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी चार ओळींची सूचना लिहा. निवेदनातील कोणता भाग तुम्ही गाळाल आणि का?

*उत्तर 1 :* देवनागरी चिन्हे 18, त्यांची घरे 54. विरामचिन्हे व मोकळ्या जागा 10. एकूण 64, म्हणून पत्ता नाकारला जाईल.