चौदा हजार सातशेचा चकवा

आमच्याकडे वऱ्हाडात चकवा लागतो म्हणतात. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो तर त्याच बाभळीखाली उभा असतो. मला चकवा लागला तो बँकेच्या पासबुकात. चौदा महिने मी एकाच आकड्याभोवती फिरत राहिले, आणि आकडा ओळखीचा होता म्हणूनच संशय आला नाही.

आमचे हे केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. नोकरीची शेवटची वर्षं यवतमाळातच गेली आणि 30 जून 2017 ला ते साठाव्या वर्षी निवृत्त झाले. शेवटचं मूळ वेतन 49,000 रुपये. त्याच्या निम्मी म्हणजे 24,500 रुपये पेन्शन बसली. घराचं कर्ज फेडायचं होतं म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे चाळीस टक्के पेन्शन विकली, म्हणजे अंशराशीकरण केलं. एकरकमी पैसे आले आणि दरमहा 9,800 रुपये कापले जाऊ लागले. हातात मूळ पेन्शन राहिली 14,700. हा आकडा घरात सगळ्यांना पाठ होता. दूधवाल्याचा हिशोब करतानाही हे म्हणायचे, "आपली पेन्शन चौदा-सातशे, उगाच पाय पसरू नका."

20 ऑक्टोबर 2019 ला ते गेले. तेरवी झाल्यावर मुलाला घेऊन मी बँकेत गेले. मृत्यूचा दाखला, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, माझा वयाचा पुरावा, सगळं दिलं. आमचं खातं जोडखातं होतं आणि पीपीओत माझं नाव होतं, त्यामुळे फारसे हेलपाटे पडले नाहीत. पहिल्या महिन्याची पूर्ण रक्कम जमा झाली 17,199 रुपये. काउंटरवरच्या मुलानं संगणकात पाहून सांगितलं, "काकू, मूळ चौदा हजार सातशे, वर सतरा टक्के महागाई." मी मनात म्हटलं, बरं झालं, यांना मिळत होतं तेवढंच सुरू राहिलं.

चूक नेमकी इथं होती. 49,000 चे तीस टक्के होतात 14,700. आणि पन्नास टक्के पेन्शनमधून चाळीस टक्के विकल्यावर उरतात तेही मूळ वेतनाचे तीसच टक्के, कारण पन्नासाचे साठ टक्के म्हणजे तीस. ज्यांनी पूर्ण चाळीस टक्के विकली त्या प्रत्येकाच्या घरी हे दोन आकडे एकच येतात. पतीच्या हातात पडणारी मूळ पेन्शन आणि पत्नीची साध्या दराची कुटुंब पेन्शन दोन्ही सारख्या, आणि या सारखेपणामागेच चूक लपते. बँकेनं मला पहिल्या दिवसापासून तीस टक्क्यांचा दर लावला होता. मला मिळायला हवे होते पन्नास टक्के.

एक खूण होती, पण ती मी पाहिली नाही. यांच्या वेळी शेवटी, महागाई बारा टक्केच असताना, खात्यात पडत होते 17,640, म्हणजे माझ्यापेक्षा 441 रुपये जास्त. मला वाटलं असेल काही भत्ता बंद झालेला. कारण वेगळं होतं. पेन्शन विकली तरी महागाई वाढ विकण्याआधीच्या पूर्ण पेन्शनवर मिळते. यांना ती 24,500 वर मिळत होती, मला 14,700 वर. मूळ रक्कम तीच आणि महागाईची रक्कम कमी, असं दिसलं की समजावं, दर चुकला असण्याची दाट शक्यता आहे.

चूक सापडली डिसेंबर 2020 मध्ये, तीही गप्पांमध्ये. यांच्याच ऑफिसातले निवृत्त हेडक्लार्क घरी आले होते. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "वहिनी, किती जमा होते?" मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "काहून इतकी कमी? पीपीओ आणा बरं." पीपीओत कुटुंब पेन्शनचे दोन आकडे लिहिलेले असतात. आमच्या कागदावर पहिल्या ओळीत वाढीव दर, 24,500. दुसऱ्या ओळीत त्यानंतरचा साधा दर, 14,700. भाऊजींनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मी तो कागद तीन वर्षं कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, वाचला मात्र एकदाही नव्हता.

हिशोब त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर केला. 24,500 आणि त्यावर सतरा टक्क्यांनी 4,165, मिळून 28,665. मिळत होते 17,199. दरमहा फरक 11,466 रुपये. कोरोनामुळे त्या काळात महागाई वाढ सतरा टक्क्यांवरच गोठली होती, त्यामुळे गुणाकार सोपा झाला. चौदा महिने आणि ऑक्टोबरचे अकरा दिवस मिळून सुमारे एक लाख चौसष्ट हजार.

तुमच्या घरी ताळा करायचा असेल तर टक्केवारीत शिरूच नका. निवृत्त माणूस गेल्यावर वाढीव काळात पत्नीची मूळ कुटुंब पेन्शन ही साधारणपणे पतीच्या विकण्याआधीच्या पेन्शनएवढी असते. त्या पेन्शनपेक्षा ती जास्त होऊ शकत नाही, एवढी मर्यादा नियमात आहे. विकलेला भाग पत्नीच्या पेन्शनमधून कापला जात नाही, ती कपात माणसाबरोबर संपते. बँकेकडून पेन्शनची पावती मागून घ्या. त्यात मूळ रक्कम वेगळी आणि महागाई वेगळी दिसते. पासबुकातल्या एका एकत्रित आकड्यावरून काहीच कळत नाही. आणि "शेवटचं वेतन" म्हणजे मूळ वेतन. महागाई भत्ता, घरभाडे त्यात धरायचे नाहीत. ते धरून हिशोब केला तर उगाच बँकेशी भांडण होईल.

मी अर्ज केला तो एका पानाचा. मृत्यूची तारीख, पीपीओ क्रमांक, मिळते ती मूळ रक्कम, पीपीओप्रमाणे मिळायला हवी ती, आणि दोन्ही आकड्यांखाली लाल रेघ मारलेली पीपीओची झेरॉक्स. शाखेत दर ठरत नाही, तो बँकेच्या पेन्शनच्या मध्यवर्ती केंद्रात ठरतो, म्हणून शाखेनं अर्ज पुढे पाठवला का हे विचारावं लागतं. माझ्या प्रतीवर मी आवक क्रमांक आणि शिक्का घेतला होता. पुढच्या पेन्शनबरोबर दर सुधारला आणि थकबाकी आली. उत्तर आलं नसतं तर भाऊजी CPENGRAMS या केंद्राच्या संकेतस्थळावर तक्रार टाकणार होते. तशी वेळ आली नाही.

इथवर दोष बँकेचा होता. यापुढचा माझा.

थकबाकी आली तसा हुरूप आला. वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढायच्या ठरल्या. शेजारच्या ताईंचे यजमान नोकरीत असतानाच गेले होते, आणि त्यांना वाढीव दर दहा वर्षं होता. माझं प्रकरण निवृत्तीनंतरचं, म्हणून सात वर्षं, एवढं मी विचारून घेतलं. मृत्यूपासून सात वर्षं म्हणजे ऑक्टोबर 2026. तोवर फिटेल असं साडेपाच लाखांचं कर्ज 2021 च्या उन्हाळ्यात घेतलं. हप्ता साडेदहा हजारांच्या आसपास.

नियमाचं अर्धं वाक्य मी ऐकलंच नव्हतं. निवृत्त माणूस गेला तर वाढीव दर सात वर्षं, किंवा तो हयात असता तर ज्या दिवशी सदुसष्टाचा झाला असता त्या दिवसापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर. यांचा जन्म 12 जून 1957 चा. सदुसष्ट पूर्ण होणार 12 जून 2024 ला. माझ्या हिशोबाच्या दोन वर्षं चार महिने आधी. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्याला या नियमानं सात वर्षांचा पूर्ण काळ मिळायचा तर तो निवृत्त होताच जायला हवा. जितकी वर्षं तो पेन्शन खाईल तितकी वर्षं पत्नीच्या वाढीव काळातून कमी होतात. अडुसष्टाव्या वर्षी गेला तर वाढीव दर एक दिवसही नाही, थेट तीस टक्के. उलट बावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन पंचावन्नाव्या वर्षी गेला तर सात वर्षं पूर्ण मिळतात, कारण ती त्याच्या बासष्टाव्या वर्षीच संपतात.

नोकरीत असताना मृत्यू झाला तर ही वयाची अट नाही, दहा वर्षं सरळ. पूर्वी त्यासाठी सलग सात वर्षांची नोकरी लागायची. 1 ऑक्टोबर 2019 पासून केंद्रानं ती अट काढली. शेजारच्या ताईंचं आणि माझं दुःख सारखं होतं, कलम वेगळं होतं.

जून 2024 मध्ये महागाई वाढ पन्नास टक्क्यांवर होती. मेपर्यंत मला 24,500 आणि 12,250 असे 36,750 मिळत होते. जुलैची पेन्शन आली 22,050, म्हणजे 14,700 आणि 7,350. दरमहा 14,700 रुपये कमी. पुन्हा तोच आकडा! साडेदहा हजारांचा हप्ता गेल्यावर घर चालवायला साडेअकरा हजार उरले. मी तणतणत बँकेत गेले. या वेळी बँक बरोबर होती. पीपीओतल्या पहिल्या ओळीच्या शेवटी "यांपैकी आधी येईल तोपर्यंत" असं लिहिलेलं होतं, आणि मी लाल रेघ मारली होती ती आकड्याखाली.

बँकेनं वेळेवर दर उतरवला हे एका अर्थी माझं नशीब. आमच्या ओळखीच्या एका बाईंना तारीख उलटल्यावरही जादा दरच येत राहिला. त्या खूश होत्या. नंतर वसुली निघाली आणि पेन्शनमधून हप्त्यानं कापली गेली. जादा रक्कम आल्यास परत करीन असं हमीपत्र पेन्शन सुरू होतानाच आपण सही करून दिलेलं असतं. म्हणून त्या तारखेनंतरच्या महिन्यात रक्कम घटली नाही तर स्वतःच विचारावं, आणि तोवर फरकाला हात लावू नये.

हे सगळं केंद्राच्या पेन्शनधारकांचं. जिल्हा परिषदेच्या गुरुजींच्या किंवा राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या घरी महाराष्ट्राचे 1982 चे निवृत्तिवेतन नियम लागतात, त्यातला कुटुंब पेन्शनचा नियम 116. पाया तोच, तीस टक्के आणि सुरुवातीला वाढीव. पण वयाची मर्यादा आणि किमान रक्कम वेगळी. केंद्रात तीस टक्के कितीही कमी भरले तरी मूळ 9,000 खाली जात नाही. माझे आकडे त्यांनी आपल्या कागदाला लावू नयेत.

कर्जाची मुदत वाढवून घेतली आणि हप्ता सहा हजारांवर आणला. वरच्या खोलीत दिग्रसची दोन पोरं शिकायला राहतात, त्यांचं भाडं हप्त्याला जातं. मागच्या आठवड्यात शेजारच्या ताई पीपीओ घेऊन आल्या, त्यांची दहा वर्षं संपत आली आहेत. आम्ही दोघींनी चष्मे लावून आधी तारीख शोधली.