स्कोप आणि मटेरिअ‍ॅलिटी

प्रश्न : जयगडच्या औष्णिक वीज प्रकल्पात मी विभागप्रमुख आहे. इंग्रजी शाश्वतता अहवालातले स्कोप आणि मटेरिअ‍ॅलिटी कसे समजून घ्यावे?

उत्तर : कोळशाच्या वाटेने चला. बॉयलरमध्ये जळणारा कोळसा, स्वतःच्या डंपरचे डिझेल : स्कोप १. संच बंद असताना ग्रिडमधून घेतलेली वीज : स्कोप २. परक्या जहाजाने कोळसा आणतानाचे उत्सर्जन : स्कोप ३. कंत्राटदाराचा डंपर त्याच्याच नियंत्रणात असेल, तर त्याचे डिझेलही स्कोप ३मध्येच जाते. तेच डिझेल स्कोप १ आणि स्कोप ३ अशा दोन्हीकडे नोंदले, की बेरीज फुगते.

कंपनीच्या आर्थिक स्थितीवर किंवा भोवतालच्या लोकांवर मोठा परिणाम करणारे विषय निवडणे म्हणजे मटेरिअ‍ॅलिटी. समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याचा खर्च किरकोळ असेल, तरी मच्छीमारांच्या दृष्टीने तो विषय महत्त्वाचा ठरू शकतो. म्हणून यादी ठरवण्याआधी त्यांना विचारा.