माहितीच्या अर्जांचा तक्ता आणि अपिलाची वेळ

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये केलेल्या अर्जाला उत्तर आले नाही, की बहुतेक अर्जदार स्मरणपत्र पाठवितात. स्मरणपत्राने अपिलाची मुदत मात्र थांबत नाही. एकामागून एक स्मरणपत्रे पाठविण्यात प्रथम अपिलाचे तीस दिवस निघून जातात. हे टाळण्यास संगणकावरील सात रकान्यांचा तक्ता पुरतो.

A रकान्यात विषय लिहावा. B मध्ये अर्ज कार्यालयास पोहोचल्याची तारीख. अर्ज टपालात टाकल्याची तारीख येथे उपयोगाची नाही, कारण तीस दिवस अर्ज मिळाल्यापासून मोजले जातात. C मध्ये शुल्क मागणारे पत्र कार्यालयाने रवाना केल्याची तारीख, D मध्ये शुल्क भरल्याची आणि F मध्ये उत्तर मिळाल्याची. E व G हे रकाने संगणक भरतो :

```
E2: =B2+30+D2-C2
G2: =MIN(E2,F2)+30
```

E ही उत्तराची मुदत आणि G अपिलाचा अखेरचा दिवस. शुल्काचे पत्र रवाना झाल्यापासून शुल्क भरेपर्यंतचा काळ कायद्याने वगळला जातो. तो पहिल्या सूत्रात मिळविला आहे.

समजा, एका ग्रामपंचायत सदस्याने नळपाणी योजनेची देयके मागितली. अर्ज ६ मार्च २०२५ रोजी पोहोचला. मुदत ५ एप्रिलपर्यंत. २४ मार्चला १२० पानांच्या शुल्काचे पत्र निघाले आणि सदस्याने ३ एप्रिलला पैसे भरले. दहा दिवस वगळल्याने मुदत १५ एप्रिलवर गेली. ७ एप्रिलला केलेले अपील अकाली ठरले असते. टपालासाठी आठवडाभर थांबून २२ एप्रिलला अपील करणे योग्य. अखेरचा दिवस १५ मे. आधीच अपुरे उत्तर हाती आले, तर F भरताच G ची तारीख अलीकडे सरकते.

E मध्ये १९०० सालची तारीख दिसली, तर शुल्काचे पत्र आले पण शुल्क भरलेले नाही, असे समजावे. दुसरी चूक अधिक फसवी आहे. ६/३ असे लिहिल्यास काही संगणक ते ३ जून समजतात आणि मुदत निमूटपणे तीन महिने पुढे जाते. म्हणून 6-Mar-2025 असे महिन्याचे नाव घालून लिहावे. तारीख रकान्याच्या डाव्या कडेला चिकटली, तर संगणकाने ती तारीख म्हणून ओळखलेली नसते.

अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग झाल्यास मात्र तक्त्यावर विसंबू नये. हस्तांतरणाचे पत्र पाहून त्या कार्यालयासाठी नवी ओळ उघडावी. प्रथम अपिलाचा निर्णय तीस दिवसांत, कारणे नोंदविल्यास पंचेचाळीस दिवसांत व्हावयाचा असतो. त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे जाण्यास नव्वद दिवस मिळतात.