कुंकू, ओल आणि उघडी चेन

अश्विन पौर्णिमेला तुळजापूरला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना मी आधी एक गोष्ट सांगते. कॅमेऱ्याला धोका असतो तो फोटो काढण्याच्या मधल्या वेळेत. लेन्स बदलताना, थंड खोलीतून दमट हवेत येताना, एका गाडीतून उतरून दुसरीत चढताना. धाराशिव जिल्ह्यातल्या एकाच दौऱ्यात या तिन्ही वेळांनी मला गाठलं, आणि पुढे कितीतरी दिवस मी त्यांचा हिशेब लावत होते.

दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर तुळजाभवानीची श्रमनिद्रा सुरू होते आणि पौर्णिमेला संपते. त्या पौर्णिमेसाठी सोलापूरहून माणसं रात्रभर चालत येतात. अनवाणी पावलांनी रस्त्याच्या कडेची माती उठते आणि गावात शिरलं की हवेत हळद-कुंकू तरंगत असतं. गाभाऱ्यात फोटो काढायला मनाई आहे, तेव्हा आपलं सगळं काम बाहेरच्या गल्ल्यांत आणि रस्त्यावर, म्हणजे नेमकं या धुळीतच. प्रसादाच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली एक आराधीण मला म्हणाली, "ताई, त्या मशीनचं तोंड झाका, कुंकू लई उडतंय." तिचं ऐकावं असंच होतं.

साधी माती आणि कुंकू यांत फरक आहे. मातीत कठीण कण असतात. ते काचेवर असताना कापड फिरवलं की बारीक चरे पडतात. कुंकवाची तऱ्हा निराळी. पारंपरिक कुंकू हळदीला चुना किंवा तसाच क्षार लावून लाल केलेलं असतं. कोरडं असेपर्यंत ते झटकलं जातं, पण पाणी लागलं की त्याचा लगदा होतो आणि रंग धरतो. माझ्यासोबतच्या एका तरुण छायाचित्रकाराने झूमच्या कड्यावर बसलेलं कुंकू ओल्या रुमालाने पुसलं. वरचं निघालं, पण कड्याच्या फटीत लाल चिखल गेला आणि सुकल्यावर कडं करकरत फिरू लागलं. शेवटी लेन्स उघडावी लागली.

म्हणून क्रम ठरलेला असावा. कॅमेरा उपडा धरायचा आणि रबरी ब्लोअरने हवा मारायची. मग मऊ ब्रशने फटी झाडायच्या, पुन्हा ब्लोअर, आणि सगळी पूड गेल्यावरच मायक्रोफायबर कापडाला हात लावायचा. तोंडाने फुंकर मारू नये, तिच्यासोबत थुंकीचे थेंब जातात. दाबलेल्या हवेचा डबाही सेन्सरवर वापरू नये. त्यातून कधीकधी द्रव बाहेर येतो आणि डाग पडतो.

त्याहून मोठा उपाय म्हणजे त्या गर्दीत लेन्स बदलायचीच नाही. २४-१०५ सारखी एक झूम लावावी आणि दिवसभर तिच्यावरच राहावं. एवढं मात्र ध्यानात ठेवावं की फिरवल्यावर लांब होणारी झूम लेन्स भात्यासारखी हवा आत ओढते, आणि त्या हवेसोबत पूडही. म्हणून कुंकू उडत असेल तिथे झूम फार पुढेमागे करू नये, एक लांबी धरून आपणच पुढेमागे व्हावं. न्हाणीत केसांवर घालायची प्लॅस्टिकची टोपी कॅमेऱ्यावर चढवली आणि लेन्सपुरतं भोक पाडलं तरी पुष्कळ भागतं. समोरच्या काचेवर यूव्ही फिल्टर ठेवावा, कारण चरा पडायचाच तर तो फिल्टरवर पडावा.

रात्री मुक्कामी आल्यावर सेन्सर तपासायचा. अ‍ॅपर्चर f/16 ठेवा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या. सेन्सरवर कण असेल तर राखाडी गोल ठिपका दिसतो. प्रतिमा आत उलटी पडते, त्यामुळे फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरच्या खालच्या भागावर असतो. बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, मेनूतला सेन्सर साफ करण्याचा पर्याय निवडा, कॅमेऱ्याचं तोंड खाली करा आणि ब्लोअरचं टोक आत न नेता हवा मारा. दोनदा करूनही ठिपका हलला नाही तर तो चिकटलेला आहे. प्रवासात त्याच्या मागे लागू नका, जाणकाराकडे द्या. मोठ्या अ‍ॅपर्चरला, म्हणजे f/4 च्या आसपास, तो ठिपका जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे उरलेला दौरा निभावतो.

तुळजापूरहून आम्ही नळदुर्गला गेलो. धाराशिव जिल्हा दुष्काळी, त्यामुळे इथे लेन्सला बुरशी कशी लागेल, असं पुष्कळांना वाटतं. पण मराठवाड्यात सप्टेंबरमध्ये चांगला पाऊस पडतो आणि परतीच्या पावसाची ओल ऑक्टोबरातही असते. नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळात बांधलेला पाणीमहाल आहे. बंधारा भरून वाहू लागला की नर-मादी धबधबे कोसळतात आणि महालाच्या खिडकीसमोरून पाण्याचा पडदा उतरतो. तिथे तुषार थेट अंगावर येतात.

त्या दिवशी सकाळी आम्ही एसी लावलेल्या खोलीतून निघालो होतो. खोली २२ अंशांवर, बाहेर पाऊस पडून गेलेला, तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास. अशा हवेचा दवबिंदू साधारण २४ अंश येतो, म्हणजे २४ च्या खाली असलेल्या कुठल्याही काचेवर पाणी धरणारच. कॅमेरा बाहेर काढताच समोरची काच पांढरी झाली. ती पुसता येते. अडचण असते ती आतल्या काचांवर आणि सेन्सरसमोर धरलेल्या दवाची, कारण तिथे हात पोहोचत नाही. उपाय आदल्या रात्रीचा आहे. थंड खोलीतच कॅमेरा आणि लेन्स जाड झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि पिशवी बंद करा. बाहेर आल्यावर ती तासभर तशीच राहू द्या. दव पडलंच तर ते पिशवीच्या बाहेरून पडतं. रात्री एसीच्या झोतापासून दूर, कोपऱ्यात बॅग ठेवली तरी फरक कमी होतो.

बुरशीचं प्रकरण याहून सावकाश चालतं, म्हणून ते फसवं आहे. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली, उजेड आणि हवा नसली, आणि काचेवर खायला थोडं काही असलं की ती वाढते. हळद ही वनस्पतीची पूड, बोटांचा तेलकटपणाही तिला चालतो. म्हणजे तुळजापूरचं कुंकू न काढता नळदुर्गच्या ओलीत नेलं तर बुरशीला लागणारं सगळं आपणच पुरवलं. परत आल्यावर माझी एक जुनी लेन्स भिजलेल्या बॅगेत बंद राहिली आणि काही आठवड्यांनी आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले.

ते कसे दिसले, तेही सांगते. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने टॉर्च तिरपा धरून समोरून पाहा आणि लेन्स हळूहळू फिरवा. सुटे ठिपके म्हणजे धूळ. ती थोडी असतेच, तिने फोटोत फरक पडत नाही. फांद्या फुटल्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. सुरुवातीला लेन्स उघडून ती पुसता येते. उशीर झाला तर काचेवरचा लेप खाल्ला जातो आणि साफ केल्यावरही खुणा राहतात. उन्हात ठेवल्याने तो लेप परत येत नाही.

सिलिका जेल सगळेच वापरतात, पण त्याचा हिशेब फार थोडे करतात. १५ लिटरच्या डब्यातल्या दमट हवेत पाणी असतं जेमतेम तिसरा हिस्सा ग्रॅम. शंभर ग्रॅम जेल सुमारे वीस ग्रॅम पाणी शोषल्यावर मंदावतं. मग जेल एका रात्रीत का संपतं? कारण आपण भिजलेला पट्टा, फोम आणि कापडासकट अख्खी बॅगच डब्यात कोंबतो, आणि खरं पाणी तिच्यात असतं. डब्यात फक्त कोरडा कॅमेरा आणि लेन्स ठेवा, बॅग बाहेर पंख्याखाली वाळत घाला. जेल कोरडं असताना वजन करून पुडीवर लिहून ठेवा. वजन पंधरा-वीस टक्क्यांनी वाढलं की ते ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवायचं आणि बंद स्टीलच्या डब्यात गार करूनच परत वापरायचं. रंग बदलणारं हवं असेल तर नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. कुठलंही रंगीत जेल स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये. तांदूळ वापरू नका, त्याची पूड सुटते. डब्यात छोटा आर्द्रतामापक असावा, काटा ४० ते ५० मध्ये राहिला की झालं.

चोरी परतीच्या वाटेवर झाली, एका गजबजलेल्या बसस्थानकात. एसटीत चढताना दाराशी रेटारेटी झाली, बॅग पाठीवर होती आणि आत बसून पाहिलं तर चेन अर्धी उघडी, टेलिफोटो लेन्स गायब. दाराशी गर्दी असताना पाठीवरची बॅग आपली नसतेच. ती छातीवर घ्यावी, दोन चेनचे खटके छोट्या कडीने एकत्र अडकवावेत, आणि गाडीत ती वरच्या फळीवर न टाकता पट्टा पायात घालून ठेवावी. भरलेली कार्डं बॅगेत नकोत, अंगावरच्या खिशात हवीत. लेन्स नवी घेता येते, काढलेली छायाचित्रं परत मिळत नाहीत.

पोलीस चौकीत आधी "गहाळ झाल्याचं लिहून देतो" असं सांगण्यात आलं. इथे थांबा. गहाळ दाखला आणि चोरीचा गुन्हा या वेगळ्या गोष्टी आहेत. विमा असेल तर साधारणपणे चोरीचा एफआयआरच लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती देता येते, पुढे तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. तक्रारदाराला एफआयआरची प्रत मोफत मिळते. रेल्वेत चोरी झाली तर लोहमार्ग पोलीस, आणि चालू गाडीत १३९ वर फोन.

एफआयआरमध्ये सिरियल नंबर नसेल तर सापडलेली लेन्स आपलीच आहे हे दाखवणं कठीण जातं. माझं बिल घरी होतं, पण नंबर मिळाला तो जुन्या फोटोंतून. बरेच कॅमेरे प्रत्येक फोटोत स्वतःचा, आणि काही वेळा लेन्सचाही नंबर लिहून ठेवतात. लॅपटॉपवर `exiftool` असेल तर एवढं पुरतं:

```
exiftool -SerialNumber -LensSerialNumber IMG_0421.JPG
```

फाइल मूळ असावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या प्रतीतून ही माहिती गळून गेलेली असते.

विम्याची पॉलिसी घेण्याआधी दोन अटी शोधून वाचा: लक्ष नसताना सोडलेल्या वस्तूची चोरी आणि मोडतोडीची खूण नसलेली चोरी. गाडीच्या सीटवर दिसेल अशी ठेवलेली बॅग पुष्कळदा यातच अडकते. दावा लावताना एफआयआरशिवाय पोलिसांचा अंतिम अहवालही मागतात. गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही, अशा अहवालाला महाराष्ट्रात 'अ' समरी म्हणतात. ती आपोआप घरी येत नाही. गुन्हा नोंदणी क्रमांक आणि तारीख देऊन तपास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी, आणि दावा लावल्याचं विमा कंपनीला आधीच लेखी कळवून ठेवावं, म्हणजे समरीला उशीर झाला तरी कळवण्याची मुदत उलटत नाही.