आधी इसार, मग काम

अमरावतीत बसून मी पॅकिंगची डिझाइनं करते. अकोल्याच्या एका दालमिलचं काम आलं, तूरडाळीच्या एक किलो आणि अर्ध्या किलोच्या पाऊचचं. बोलणी धाकट्या मालकाशी. त्यांच्या सांगण्यावरून रंग बदलले, शेंगेचं चित्र बदललं, मागच्या बाजूला निव्वळ वजन, एमआरपी आणि एफएसएसएआयचा क्रमांक जागेवर बसवला. बिल पाठवलं तेव्हा थोरले काका फोनवर आले. “आमी त जुनीच थैली चालवतो. तुमाले कोनं सांगतलं होतं?” बारा हजार बुडाले.

धाकटे खोटं बोलत नव्हते, पण व्यवहार काकांच्या हातात होता. घरच्या धंद्यात काम सांगणारा एक आणि पैसे सोडणारा दुसरा, हे नेहमीचं आहे. पहिल्याच दिवशी सहा हजार मागितले असते, तर ती गोष्ट काकांपर्यंत गेली असती आणि हो की नाही ते तेव्हाच कळलं असतं. नव्या गिऱ्हाइकाकडून ॲडव्हान्स घ्यायचा तो मुख्यतः यासाठी.

पाऊच छापणारेही प्रत्येक रंगाचा सिलिंडर कोरण्याआधी पैसे घेतात, कारण तो दुसऱ्या मिलला चालत नाही. आपलं डिझाइनही दुसऱ्याला विकता येत नाही. शिवाय वऱ्हाडात शेताचा, बैलजोडीचा इसार सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा मागताना संकोच नको. आता मी असा मेसेज पाठवते:

“नमस्कार शेठजी. दोन पाऊचचं डिझाइन, एकूण १२,००० रुपये. नवीन कामाला मी निम्मे आधी घेते. ६,००० जमा झाले की पाचव्या दिवशी पहिला नमुना देईन. दोनदा दुरुस्ती यातच धरली आहे. उरलेले ६,००० आल्यावर छपाईची फाइल पाठवीन. नमुना दिल्यावर काम थांबलं, तर आधीचे पैसे परत होणार नाहीत.”

“जमलं तर”, “थोडेफार” असे शब्द त्यात येऊ देऊ नका. त्यातून घासाघीस सुरू होते. “विश्वास नाही का?” असं विचारलं, तर एवढंच सांगा: “विश्वास आहे, शेठजी. पैसे आले की ते दिवस मी तुमच्यासाठी राखून ठेवते, दुसरं काम घेत नाही.” आणि नमुना पाठवाल तो कमी रेझोल्यूशनचा, नावाचा शिक्का मारून.

मोठ्या कंपन्या आणि सरकारी कार्यालयं बहुधा ॲडव्हान्स देत नाहीत. तिथं लेखी वर्क ऑर्डर घ्या आणि काम टप्प्यांत तोडून प्रत्येक टप्प्याचं बिल लावा. काम घेण्याआधी उद्यम नोंदणी करून ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही लिहिलं तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. पण बारा हजारांसाठी तक्रारीच्या फेऱ्या परवडत नाहीत, म्हणून लहान कामाला निम्मे पैसे खात्यात दिसल्याशिवाय फाइल उघडू नका.