डॅशकॅमच्या क्लिपमधली वेळ दुरुस्त करावी का?

प्रश्न : कल्याण-बदलापूर रस्त्यावर उलट दिशेने आलेल्या दुचाकीने माझ्या गाडीला धडक दिली. अ‍ॅपमधून घेतलेली क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर धूसर झाली. त्यातली वेळही ७ मिनिटे पुढे आहे. ती दुरुस्त करून पोलिसांना देऊ का?
— एक वाचक, अंबरनाथ

उत्तर : दुरुस्त करू नका. घड्याळ चुकले म्हणून पुरावा बाद होत नाही; फेरफार केल्यास मात्र शंका येते. कॅमेऱ्याचे आणि मोबाइलचे घड्याळ एकत्र दिसेल असा फोटो काढा आणि हा फरक जबाबात सांगा. पडद्यावरचा वेग जीपीएसचा असतो. अचानक ब्रेक लागल्यास तो क्षणभर मागे राहतो, म्हणून त्या आकड्यावरच विसंबू नका.

व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करते. मूळ फाइल मेमरी कार्डात असते, पण नवे चित्रीकरण तिच्यावर चढते. कार्ड आजच काढून ठेवा, प्रत संगणकावर घ्या. पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की मूळ साधन हजर नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतेच. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे द्यावे लागते. कार्ड पोलिसांना दिल्यास पंचनाम्यात त्याची नोंद करून घ्या.